'यक अरज गुफतम' मधे फारसी कुठली, संस्कृत कुठलं? थर वेगळे करून सांगाल का?

गुरू नानकांचं राग तिलंगमधलं पद आहे हे, गुरू ग्रंथसाहिबात पान ७२१. पहिल्या ओळी अशा: 'यक अरज गुफतम पेसि तो दर गोस कुन करतार। हका कबीर करीम तू बेऐब परवदगार।'

सांगाडा पूर्ण फारसी आहे, यक म्हणजे एक, गुफतम म्हणजे मी बोललो, पेसि तो म्हणजे तुझ्यापुढे, दर गोस कुन म्हणजे कानावर घे. मूळचं पेश आणि गोश, पण जुन्या गुरमुखीत 'श' वेगळा नव्हता म्हणून 'स', आणि 'सि'ची वेलांटी म्हणजे फारसीतला जोडणारा 'इ', ती सोडू नका.

अरज, हका (खरा), कबीर, करीम (दयाळू) आणि बेऐबमधला ऐब हे मूळचे अरबी, पण फारसीतून आलेले. इथे बरेच जण घसरतात, हा कबीर म्हणजे संत कबीर नाही हं, नुसतं 'थोर'. परवदगार, म्हणजे पालनकर्ता, परत फारसीच.

या ओळींत संस्कृत थरातला एकच शब्द, करतार, कर्तृपासून आलेला. पण अख्खा अर्ज ज्याला केलाय तो हाच.

पदाच्या शेवटच्या ओळीत तर 'तुरा तेरे' शेजारीशेजारी, फारसी आणि देशी, दोन्हीचा अर्थ तुझा-तुला असाच.