'टेकऑफ वजा कर' म्हणजे नक्की काय वजा करायचं?

प्रश्न: "साइटवर फिटर म्हणतात 'सेंटर टू सेंटरमधून टेकऑफ वजा कर आणि पाइप काप'. ऑफिसात मात्र टेकऑफ म्हणजे मटेरियलची यादी. दोन्ही एकच का? आणि याला मराठीत धड शब्द आहे का?"

एकच नाही, पण गंमत अशी की दोन्ही अर्थ मराठीतल्या एकाच क्रियापदात बसतात, 'काढणे'. ऑफिसवाला ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढतो, म्हणजे किती मीटर पाइप, किती एल्बो, किती फ्लँज, आणि फिटर मापातून एल्बो काढून टाकतो. इंग्रजीतही साधारण तीच दोन टोकं आहेत. त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण कापायच्या मशीनजवळ उभं राहून कुणी यादीबद्दल बोलत नाही. खरा घोळ दुसरीकडे आहे, तो म्हणजे फिटर ज्याला टेकऑफ म्हणतो त्यात काय काय धरायचं हे प्रत्येक जण वेगळं समजतो.

मी काही वर्षं फॅब्रिकेशन शॉपमध्ये आयसोमेट्रिक ड्रॉइंग वाचून कटिंग शीट बनवायचं काम केलंय, तेव्हाचंच उदाहरण घेतो. 4 इंची लाइन, एका टोकाला 90 अंशाचा लाँग रेडियस एल्बो, दुसऱ्या टोकाला टी (लाइन टीच्या सरळ अंगाला येते), दोन्ही वेल्डिंगचे. ड्रॉइंगवर दोघांच्या मधलं माप 1500 मिमी. हे 1500 कुठून कुठपर्यंत? एल्बोच्या 'सेंटर'पासून टीच्या 'सेंटर'पर्यंत. आता एल्बो हातात घ्या आणि मला त्याचं सेंटर बोटाने दाखवा बरं! नवीन पोरगा हमखास एल्बोच्या वळणावर, पाठीच्या मधोमध बोट ठेवतो. ते सेंटर नाही. दोन्ही तोंडांमधून सरळ जाणाऱ्या दोन काल्पनिक रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू म्हणजे सेंटर, आणि 4 इंची लाँग रेडियस एल्बोत तो बिंदू लोखंडाच्या बाहेर, पाठीपासून साधारण 6 मिमी हवेत पडतो. विश्वास बसत नसेल तर हिशेब करून बघा. वळणाची त्रिज्या 152.4, तिची कर्णरेषा 215.5, आणि एल्बोची पाठ त्याच रेषेवर 152.4 अधिक पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचा अर्धा भाग 57.15 म्हणजे 209.55 वर. म्हणजे ज्या बिंदूवरून माप दिलंय तिथे टेप टेकवायला जागाच नाही. म्हणूनच वजाबाकी करावी लागते, नाहीतर सरळ टेप लावून कापलं नसतं का!

म्हणून 'केंद्र' हा शब्द मला इथे फारसा आवडत नाही, वर्तुळाचं केंद्र डोळ्यापुढे येतं आणि एल्बोच्या वळणाचं जे खरं केंद्र आहे (ज्यातून 152.4 ची त्रिज्या मोजतात) ते आतल्या बाजूला, अगदी भलतीकडेच असतं. 'मध्य' त्यातल्या त्यात बरा. 'मध्यांतर' मात्र कृपया नको, तिथे समोसा आठवतो.

आता वजा काय करायचं. एल्बोच्या त्या हवेतल्या मध्यापासून त्याच्या तोंडापर्यंतचं अंतर, ज्याला स्टँडर्डमध्ये सेंटर टू एंड म्हणतात. 4 इंची लाँग रेडियसला ते 152 मिमी, कारण लाँग रेडियस म्हणजे नॉमिनल साइजच्या दीडपट, 4 इंच गुणिले दीड म्हणजे 6 इंच. नॉमिनल हं, बाहेरचा व्यास नव्हे. पाइपाचा बाहेरचा व्यास 114.3 असतो, त्याची दीडपट केली तर 171 येतात आणि पाइप 19 मिमी आखूड कापला जातो, हे मी प्रत्यक्ष बघितलंय. टीचं माप अशा कुठल्या पटीत येत नाही, ते टेबलातच बघायचं, 4 इंचीला 105.

एवढं वजा केलं की 1243 राहतात. बरेच जण इथेच थांबतात आणि इथेच चुकतात, कारण पाइपाचं तोंड फिटिंगच्या तोंडाला चिकटवून वेल्डिंग करत नाहीत, मध्ये रूट गॅप ठेवतात, साधारण 3 मिमी, म्हणजे दोन जोडांचे 6.

```
1500 - 152 - 105 - 3 - 3 = 1237
```

कटिंग लेंथ 1237. (गॅपचा आकडा वेल्डिंगच्या प्रोसिजरमध्ये दिलेला असतो, सगळीकडे 3च असतो असं नाही, आणि वेल्डिंग थंड होताना जोड थोडा ओढून घेतो म्हणून काही अनुभवी फिटर गॅपची पूर्ण वजावट करत नाहीत. पण ते त्यांच्या हाताचं गणित, नवख्याने करू नये.)

गॅपवरून आठवलं. आमच्याकडे एक जुने फिटरकाका होते, ते मिलिमीटर बोलायचेच नाहीत, 'एक सूत सोड' म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी. आणि गॅप ठेवायला ते वापरायचे काय, तर वेल्डिंगच्या 3.15 च्या रॉडवरचं फ्लक्स ठोकून पाडून उरलेली तार, तिला यू आकारात वाकवून दोन तोंडांच्या मध्ये धरायची, टॅक मारायचे आणि तार ओढून घ्यायची. म्हणजे तार आणि सूत जवळजवळ एकच माप! सुताराचा शब्द पाइप शॉपमध्ये इतका फिट बसलाय की त्याच्या जागी 'मूळ-अंतर' वगैरे काही घालायची मला तरी हिंमत होत नाही. फट म्हणा हवं तर.

आता शब्दाकडे येतो. कुणी 'वजावट' सुचवतं आणि मलाही तो पटतो, इन्कम टॅक्समुळे सगळ्यांना माहितीये आणि अर्थही सरळ आहे. पण एक अट आहे. वजावट म्हणजे मध्य-ते-तोंड नव्हे, हे दोन वेगळे शब्द ठेवायला लागतील. का, ते घरच्या प्लंबिंगवरून लगेच कळतं. एक इंची जीआयचा आट्यांचा एल्बो घ्या. मध्यापासून तोंडापर्यंत 38 मिमी. पण पाइप तोंडाशी थांबत नाही, आट्यांवर फिरत फिरत आत जातो, सुमारे 17 मिमी. म्हणजे मापातून खरं कमी करायचं फक्त 21. कॅटलॉगवाल्यांनी यासाठी वेगळा कॉलम ठेवलाय, z नावाचा, आणि तो म्हणजेच नेमकी आपली वजावट. दोन एल्बोंमध्ये मध्य ते मध्य 600 हवं असेल तर 600 वजा 42, पाइप 558, त्यातच दोन्हीकडचे आटे आले. पण जर एखाद्याने 'टेकऑफ' म्हणजे तोंडापर्यंतचं माप समजून 38-38 वजा केले तर हातात येतो 524 चा तुकडा, चौतीस मिमी आखूड, आणि मग तो भिंतीत निपल-सॉकेट जोडून कसाबसा पुरवला जातो.

म्हणजे बघा, वेल्डिंगमध्ये वजावट ही मध्य-ते-तोंडापेक्षा जास्त (फट मिळवली म्हणून) आणि आट्यांमध्ये कमी (आत गेलेली लांबी सोडली म्हणून). शब्द एकच ठेवला तर दोन्हीकडे चुकणार. म्हणून मी तरी असं म्हणेन: फिटिंगच्या मापाला मध्य-ते-तोंड, प्रत्यक्ष कमी करायच्या आकड्याला वजावट, आणि उरतं ते कटिंग किंवा कापाची लांबी. 'तोंड' शब्द गावठी वाटला तरी पाइपवाले तोच बोलतात, 'तोंड बंद कर, माती जाईल' हे वाक्य साइटवर दिवसातून दहादा ऐकू येतं आणि ते नेहमी पाइपाबद्दलच असतं असंही नाही.

अजून एक घोळ यातच सांगून टाकतो, कारण तोही शब्दातूनच होतो. 45 च्या एल्बोला शॉपमध्ये 'अर्धा एल्बो' म्हणायची पद्धत आहे (आणि खरंच कधीकधी 90 चा एल्बो कापूनच तो करतात). अर्धा म्हटला की पोरगा वजावटही अर्धी करतो, 152 चे अर्धे 76. चूक! वळणाची लांबी अर्धी होते, मध्य-ते-तोंड अर्धं होत नाही, कारण रेषा छेदतात तो बिंदूच आता पाठीकडून आत सरकलेला असतो. त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन, म्हणजे 152.4 गुणिले 0.414, येतात 63. टेबलात 64 छापलेलं असतं, तेच धरायचं.

समजा लाइन 500 मिमी बाजूला घ्यायची आहे, दोन 45 चे एल्बो लावून. आधी तिरकी लांबी काढायची, 500 गुणिले 1.414 म्हणजे 707, आणि वजावट या 707 मधून करायची, 500 मधून नाही, कारण मध्य ते मध्य अंतर त्या तिरक्या रेषेवर आहे. 707 वजा 128 वजा 6, पाइप 573. आमच्याकडे एकदा याच हिशेबात 76 धरले गेले आणि तुकडा 549 चा निघाला. चोवीस मिमी कमी. फिटअप झालं, वेल्डिंग झालं, रंगसुद्धा लागला, आणि साइटवर फ्लँजच्या भोकांसमोर भोकं येईनात तेव्हा कळलं, 500 च्या जागी 483 च सरकलं होतं. शॉपमध्येच कळलं असतं, फक्त टॅक मारल्यावर एकदा दोन्ही सरळ पाइपांच्या पाठीला टेप लावून त्यांच्यातलं अंतर मोजायला हवं होतं. हवेतला बिंदू मोजता येत नाही पण एकसारख्या व्यासाच्या दोन पाइपांच्या पाठीपासून पाठीपर्यंत मोजलं की तेच मध्य-ते-मध्य मिळतं.

आणि वजावटीच्या उलट अर्थाचा शब्द हवा असेल तर तो शिंप्याकडे आहे, 'माया'. शिवणीत जादा कापड सोडतात ती माया. आयसोवर एखाद्या जोडाला FFW असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो जोड साइटवर माप घेऊन मगच कापायचा, तिथे हिशेबाच्या लांबीत साधारण 100 ते 150 मिमी पाइप जादा ठेवतात. शॉपमध्ये याला 'मार्जिन' म्हणतात, पण आमच्या फिटरकाकांची बायको ब्लाउज शिवायची, त्यामुळे ते तसल्या पाइपावर खडूने चक्क 'माया 100' लिहायचे, आणि साइटवरच्या लोकांना ते कधी विचारावं लागलं नाही.