पैसे पावल्याशिवाय पावती कसली?

«आईने पहिल्यांदाच ऑनलाइन मिक्सर मागवला. पैसे यूपीआयने दिले. आता कंपनी म्हणते इनव्हॉइसची प्रत पाठवा, बँक म्हणते स्टेटमेंट बघा, शेजारचे काका म्हणतात पावती जपून ठेवा आणि आई या सगळ्यालाच बिल म्हणते. नक्की फरक काय? – बडोदा»

आईंना दोष देऊ नका, अर्धं बडोदं तेच म्हणतं. मांडवीत पैसे मोजून हातात दिल्यावर लोक «बिल द्या» म्हणतात, तेव्हा माझे कान दुखतात. बिल म्हणजे मागणी. वीजबिल आठवा: एवढी रक्कम, या तारखेपर्यंत भरा. भरलं की जे हाती येतं ते बिल नव्हे, पावती.

आणि खरी गंमत या पावतीत आहे. संस्कृत प्राप्-पासून आपलं ‘पावणे’ आलं, म्हणजे पोचणे, मिळणे. देव नवसाला पावतो तोही याच क्रियापदाने. रक्कम पावली, म्हणून पावती. आता शेजारी पाहा. गुजरातीत पावतीला ‘पहोंच’ही म्हणतात, म्हणजे सरळ ‘पोचलं’. हिंदीतली ‘रसीद’ फारसीतून आली, तिचाही अर्थ ‘पोचलं’. बडोद्याच्या बाजारात रोज कानावर पडणारे हे तिन्ही शब्द तीन वेगळ्या वाटांनी एकाच अर्थाला पोचलेत. (पाहुणाही यातलाच, ‘घरी पावलेला’, असं सांगणारे विद्वान भेटतात. साफ चूक. तो ‘प्राघुण’पासून आला, त्याला उगाच पावतीच्या पंगतीत बसवू नये.)

याच्या उलट इनव्हॉइस. तो शब्द फ्रेंचमधल्या ‘पाठवणे’पासून निघाला. म्हणजे एक कागद सांगतो ‘माल पाठवला’ आणि दुसरा सांगतो ‘पैसे पोचले’. सरकारी कोशात इनव्हॉइसला ‘बीजक’ आहे, चांगला शब्द आहे. पण काही शुद्धिवादी इनव्हॉइसलाही ‘पावती’ म्हणा असं सुचवतात, त्यांना माझा सरळ प्रश्न: पैसे पावायच्या आधीच पावती कशी?

आईंच्या मिक्सरची किंमत, समजा, 2,000 रुपये. 18 टक्के जीएसटी 360, एकूण 2,360. बीजकावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, त्याचा जीएसटी क्रमांक, बीजकाचा अनुक्रमांक, तारीख, वस्तू आणि कर दिसेल. विकणारा गुजरातेतला असेल तर कर दोन ओळींत, 180 केंद्राचे आणि 180 राज्याचे. बाहेरचा असेल तर एकाच ओळीत 360. मिक्सर बिघडला की वॉरंटीसाठी हाच कागद मागतात, कारण काय विकलं आणि कधी, हे दुसरा कुठलाच कागद इतकं नीट सांगत नाही. त्यावर ‘पेड’ असं छापलेलं असेल तर तोच पावतीचंही काम करतो.

आता पावती कोणी द्यायची? ज्याला पैसे पावले त्याने! तुमच्या फोनवर हिरवी खूण दिसली, तिचा स्क्रीनशॉट काढला, ही पावती नव्हे. ते तुमच्याच ॲपचं म्हणणं झालं. अशी चित्रं बनावटही करतात, म्हणून शहाणा दुकानदार तुमचा फोन न पाहता स्वतःचं खातं पाहतो. तरी त्यातला 12 अंकी यूटीआर, म्हणजे त्या एका व्यवहाराची ओळख असलेला क्रमांक, मोलाचा, तो टिपून ठेवा.

तो कामी येतो खातेउताऱ्यात, म्हणजे बँक म्हणते त्या स्टेटमेंटमध्ये. सातबाराचा उतारा तसा हा खात्याचा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काय आलं, काय गेलं, शिल्लक किती. त्यात 2,360 गेल्याची ओळ असेल, पण त्या पैशात मिक्सर घेतला की पंखा, हे बँकेला ठाऊक नसतं. म्हणून कंपनीने बीजक मागितलं असता उतारा पाठवू नका. तिला त्याचा उपयोग नाही आणि तुमचे बाकीचे सगळे व्यवहार मात्र ती वाचते.

उतारा लागतो तो भलत्याच वेळी: खात्यातून रक्कम गेली, पण दुकानाकडून ऑर्डरची खूणही नाही, पावतीही नाही. उताऱ्यात ओळ आहे आणि पावती नाही, म्हणजे पैसे वाटेत अडकले असण्याचा संभव. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, दुकानाला यूपीआयने दिलेली रक्कम अशी अडकली तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. परत आलेली रक्कम उताऱ्यात जमेच्या बाजूला वेगळी ओळ म्हणून दिसते. ती दिसेपर्यंत घाईने पुन्हा पैसे भरू नका, आणि बँकेत तक्रार करायची वेळ आली तर स्क्रीनशॉटपेक्षा यूटीआर, तारीख आणि रक्कम लिहून द्या.