लागण सुरू झाल्यावर टोचलेली पीपीआरची लस

प्रश्न: हाटातून आणलेल्या बकऱ्यांचं नाक गळतंय, दोघींना पातळ हगवण लागली आहे. हा पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग, आहे का? आणि आत्ताच सगळ्यांना लस टोचून घेतली तर चालेल का?

तोंड उघडून बघा. खालच्या हिरडीवर आणि जिभेखाली कोंडा भुरभुरल्यासारखे पांढुरके ठिपके असतील, बोटाने पुसल्यावर खाली लाल कातडं दिसत असेल, तोंडाला घाण वास येत असेल आणि डोळे चिपडांनी चिकटले असतील, तर बहुतेक पीपीआरच. नुसत्या न्यूमोनियात तोंड स्वच्छ असतं. लाळ्या-खुरकुतात जनावर लंगडतं. माव्यात खपल्या ओठांवर बाहेरून येतात आणि हगवण सहसा नसते.

लसीबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात अजून वाद आहे.

सांवेरच्या बाजूला काकांचा आणि माझा मिळून गोठा आहे. बकरी ईदच्या आधी काकांनी हाटातून काही सिरोही पाठी आणल्या. विकणारा म्हणाला, टीका झालेला आहे, म्हणजे लस टोचलेली आहे. मी म्हटलं, तीन आठवडे मागच्या छपरीत वेगळ्या ठेवू. काका म्हणाले, एवढी जागा कुठे आहे, आणि सरळ पुढच्या कप्प्यात सोडल्या. आठवडा होत आला तशी त्यातल्या एकीचं नाक गळू लागलं. आधी पाण्यासारखं, मग घट्ट पिवळं, नाकपुड्या बुजवणारं. काकांच्या मते सर्दी. दोन-तीन दिवसांत हगवण लागली, तेव्हा घाबरून त्यांनी टोचणाऱ्याला बोलावलं आणि सगळ्या गोठ्याला एकाच दिवशी लस दिली. पुढच्या आठवड्यात पुढच्या कप्प्यातली निम्मी जनावरं गेली. तेव्हापासून काका ज्याला-त्याला सांगत असतात की लसीने बकऱ्या मेल्या.

आता माझा हिशेब ऐका. त्याच दिवशी, त्याच बाटल्यांमधली लस मागच्या कप्प्यातल्या बकऱ्यांनाही दिली होती. त्यांची गव्हाण वेगळी, पाणी वेगळं. त्यातली एकही आजारी पडली नाही. लस मारत असती तर तिथेही मेल्या असत्या. पुढच्या कप्प्यात रोग आधीच अंगात शिरला होता. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण चार ते सहा दिवस लागतात, कधी दहाही. तोवर जनावर चांगलं खातं-पितं आणि निरोगी दिसतं. लसीचं बळ यायला दोन आठवडे धरून चाला. ही शर्यत लस हरणारच.

म्हणून तुमच्याकडे आज क्रम असा ठेवा. रोज सकाळी ऊन चढायच्या आत, धडधाकट दिसणाऱ्यांसह सगळ्यांचा ताप गुदद्वारातून मोजा. १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जी गेली ती वेगळी करा, तिचं नाक गळायची वाट बघू नका. आजारी कप्प्याची बादली, खराटा, चारा वेगळा. माणूस एकच असेल तर त्याने आधी निरोगी कप्पा उरकावा, आजारी शेवटी. या दिवसांत एकही जनावर विकू नका किंवा सामाईक कुरणात नेऊ नका. लस फक्त त्यांनाच, ज्यांना ताप नाही आणि ज्यांचा आजाऱ्यांशी संबंध आला नाही, आणि प्रत्येकीला नवी सुई. लस बर्फात आलेली हवी. सोबतच्या द्रवात कालवली की तास-दोन तासांत संपवायची, कातडीखाली १ मिली. उरलेली संध्याकाळी वापरू असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पुढच्या वेळचं म्हणाल तर एकदा नीट टोचलेली सुंगरी ९६ जातीची लस किमान तीन वर्षं पुरते. पण पिल्लं दरवर्षी नवी येतात, हे लोक विसरतात. आईला लस झालेली असेल तर तिच्या चिकातून मिळालेलं बळ पिल्लाच्या लसीला निष्प्रभ करतं, म्हणून चौथ्या महिन्यात टोचायचं. खरेदी-विक्रीच्या हंगामाच्या तीन आठवडे आधी सगळं झालेलं असावं. आणि हाटातल्या 'टीका झालेला आहे'ला काडीची किंमत देऊ नका, काकांनी दिली होती.

राहिलेलं थोडं. विषाणूवर औषध नाही. डॉक्टर जे अँटिबायोटिक देतात ते मागून येणाऱ्या फुफ्फुसाच्या जंतुसंसर्गासाठी, पण हगवणीत सलाईन आणि मीठ-गुळाच्या पाण्याने बऱ्याच वाचतात. माणसाला हा रोग होत नाही. मी डॉक्टर नाही, खात्री प्रयोगशाळेतच होते. तापाच्या पहिल्या दिवसांतच नाकाचा आणि डोळ्याचा स्राव बोळ्यावर घेऊन बर्फात पाठवावा लागतो, त्यामुळे आजच जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनला फोन करा. कळवणं कायद्यानेही बंधनकारक आहे. मेलेलं जनावर नाल्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.