बेसिनचा पॉप-अप अडकला की आधी नट सैल करा, मग बाकीचं

प्रश्न: बेसिनचा पॉप-अप खाली बसलाय तो वर येतच नाही. नळामागची खुंटी दाबली-ओढली तरी ढिम्म. खालची दांडी-पट्टी कशी लावायची? प्लंबर म्हणतो, सगळंच बदला.

"सगळंच बदला" वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आमच्या इंदूरच्या घरी हेच वाक्य दोघांच्या तोंडून ऐकलंय. एक प्लंबर, दुसरे आमचे थोरले भाऊजी. प्लंबरचं मी समजू शकते, त्याचं पोट आहे त्यावर. भाऊजींचं पोट बँकेच्या पेन्शनवर आहे.

झालं असं. जेवणघराबाहेरच्या बेसिनखाली कपाटात एकदा ओल दिसली. भाऊजींनी पाना घेतला, बेसिनच्या तळातून पाणी खाली नेणारी जी नळी, म्हणजे वेस्ट कपलिंग, तिच्या मागच्या बाजूला जो छोटा नट असतो, ज्यातून आडवी दांडी आत जाते, तो होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला. गळणं थांबलं. चहा झाला, कौतुक झालं. त्या दिवसापासून खुंटी जड झाली, पण घरात बेसिन भरून वापरणारी मी एकटीच, त्यामुळे बोलूनही कोणी मनावर घेतलं नाही. पुढे गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना कोणीतरी खुंटी ओढली, बूच खाली बसलं आणि तिथेच राहिलं. पाहुण्यांतल्या एकाने खुंटी खाली दाबून पाहिली, दुसऱ्याने आणखी जोरात दाबली. बेसिनमध्ये दाढीचं पाणी तसंच तुंबलेलं. प्लंबर आला, टॉर्च मारली आणि म्हणाला, "भाभीजी, ये तो गया, पूरा सेट बदलना पड़ेगा." भाऊजी मागून म्हणाले, "मी केव्हापासून सांगतोय, ही भानगड काढा, साधी जाळी बसवा."

दोघांनाही वाटेला लावून दुपारी मी कपाट रिकामं केलं. आधी मगाने आणि स्पंजने बेसिनमधलं पाणी काढलं. हे तुम्हीही करा, नाहीतर खाली काम चालू असताना बूच जरा हललं की सगळं पाणी अंगावर येतं. नटाखाली एक टोपलंही ठेवा.

आता ही यंत्रणा डोळ्यासमोर आणा. कपलिंगमधून बाहेर आलेली आडवी दांडी म्हणजे एक तरफ. तिच्यावर एक गोटी असते, बहुधा प्लास्टिकची. ती नटाच्या आत बसलेली असते आणि तिच्यावरच दांडी वर-खाली झुलते. खुंटी वर ओढली की भोकांची पट्टी वर जाते, दांडीचं बाहेरचं टोक वर, आतलं टोक खाली, बूच बंद. खुंटी दाबली की बरोबर उलट. पट्टी आणि आडवी दांडी यांना एक स्प्रिंगचा चिमटा जोडून ठेवतो, आणि खुंटीची उभी सळई पट्टीत एका स्क्रूने धरलेली असते.

दोष कुठे आहे ते एका मिनिटात कळतं. चिमटा दाबून आडवी दांडी पट्टीतून मोकळी करा आणि तिचं बाहेरचं टोक दोन बोटांनी वर-खाली करून बघा. ती अलगद हलली आणि बूचही वर-खाली झालं, तर खालचं सगळं ठीक आहे, घोळ पट्टीच्या स्क्रूत. दांडी हलते पण बूच ढिम्म, तर आतलं टोक बुचापासून सुटलंय किंवा गंजून तुटलंय. आणि दांडीच हलत नाही, तर दोष गोटीत.

आमची दांडी दोन बोटांना दाद देत नव्हती. नट पाव आटा सैल केला आणि ती लगेच हलू लागली, बूच टपकन वर आलं. प्लंबरचा "गया" एवढाच होता. पण सैल नटातून पाणी ठिबकणारच, म्हणून पूर्ण उघडला. आत काय, तर आट्यांवर टेफलॉन टेपचे वेढेच्या वेढे! इथे टेपचा काहीएक उपयोग नाही. इथलं पाणी आट्यांवर थांबत नाही, गोटी आणि तिला टेकलेल्या वायसरवर थांबतं. वायसर कडक होऊन एका बाजूने चिरला होता, गोटीवर पांढरा थर. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोरिंगचं, आणि बोरिंगच्या पाण्याचा पांढरेपणा नळावर जसा दिसतो तसाच तिथे आत बसतो. गळतीचं कारण तो वायसर होता. भाऊजींनी तो आवळून आवळून गोटीवर चेपला, गोटी जाम झाली, मग लोकांनी जोर लावून खुंटी दाबली, त्यात पट्टीतला स्क्रू घसरला. म्हणजे आता नट सैल केल्यावरही खुंटी बुचाला नीट उचलणार नव्हती, कारण मधलं मापच बिघडलं होतं. क्रम महत्त्वाचा तो यासाठी. गोटी मोकळी न करता नुसता स्क्रू आवळत बसलात तर तो पुन्हा घसरेल, आणि पक्कडीने आवळलात तर आटे जातील.

गोटी रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवली आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासली. तारेच्या घासणीने घासू नका, ओरखडा पडला की तिथूनच पाणी झिरपतं. संडासाचं अॅसिड तर जवळही आणू नका, दांडीवरचा मुलामा उडतो. वायसर सियागंजच्या बाजारात मिळाला, जुना बरोबर नेला होता म्हणून. नुसतं "पॉप-अपचा वायसर द्या" म्हटलं तर दुकानदार पूर्ण सेटच समोर ठेवतो. काढताना वायसर गोटीच्या पुढे आहे की मागे, की दोन्हीकडे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं.

बसवताना नट हाताने लागेल तेवढा लावा, मग पान्याने अर्धा-पाव आटा, त्याहून नाही. तो पुष्कळदा प्लास्टिकचा असतो आणि चिरतो. बरोबर लागला हे ओळखायचं कसं? दांडी दोन बोटांनी हलली पाहिजे, पण सोडली तिथे थांबलीही पाहिजे. बूच उघडं ठेवल्यावर आपोआप हळूहळू मिटत असेल, तर नट सैल आहे. गळतीची परीक्षा करताना बेसिन भरून नुसतं बघत बसू नका. नट बुचाच्या खाली आहे, त्यामुळे बूच बंद असताना तिथे पाणीच नसतं. बेसिन भरा, नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि मग बूच उघडा. पाणी जाताना कागद ओला झाला तर पान्याने आणखी थोडंसं. बूच बंद असतानाच खाली ठिबकत असेल, तर तो दोष या नटाचा नाहीच, कपलिंग बेसिनला जिथे बसलंय तिथला.

आता तुम्ही विचारलेलं, पट्टीचं माप. पट्टीचा स्क्रू सैल करा. आडव्या दांडीचं बाहेरचं टोक खाली दाबा, म्हणजे बूच पूर्ण वर येईल, साधारण १ सेंमी. वरची खुंटी खाली सोडा, पण नळाला टेकू देऊ नका, मध्ये ४–५ मिमी फट ठेवा. खुंटी आधीच टेकली तर बूच पुरतं उघडायच्या आत तिचा प्रवास संपतो, आणि लोक त्याला "अर्धंच उघडतं" म्हणतात. या स्थितीत स्क्रू आवळा. मग खुंटी ओढा. बूच पूर्ण बसलं तर काम झालं. बसत नसेल, तर दांडी पट्टीच्या एका खालच्या भोकाऐवजी वरच्या भोकात घाला, म्हणजे त्याच ओढीत तिचं टोक जास्त वर जाईल. ओढ पुरतच नसेल, तर पट्टी दांडीवर गोटीच्या थोडी जवळ सरकवा, खुंटी जराशी जड होईल पण बूच जास्त हलेल. पट्टीची जागा ठीक असून पाणी थांबत नसेल, तर बुचाची रबरी कडा बघा. काही बुचांच्या बुडाला उंचीचा स्क्रूही असतो, तो थोडा आत फिरवला की बूच खाली बसतं.

हे लावून झाल्यावर भाऊजींनी येऊन खुंटी वर-खाली केली आणि म्हणाले, "चालतंय, पण नट जरा सैल वाटतोय, घट्ट करून टाक." म्हणजे बघा. माणसाचा स्वभाव कपलिंगमध्ये उतरतो. मी पाना आता माझ्या कपाटात ठेवते, आणि तुमच्याकडेही असं कोणी असेल तर तुम्हीही ठेवा.

थोडं राहिलंच. तुमचं बूच बोटाने दाबलं की टिक करून उघडत-मिटत असेल, तर त्याला दांडी-पट्टी नसते, वरचं सगळं विसरा. नळामागे खुंटी आहे म्हणताय म्हणून तुमचं दांडीचंच धरलंय. आतलं टोक तुटून बूच बंद बसलं असेल, तर नट आणि दांडी काढा आणि त्या भोकातून बारीक पेचकसने बूच खालून वर ढकला, वरून नखं लावत बसू नका. तुटलेली दांडी मात्र बदलावीच लागते, तेवढीच. कपलिंग बसवताना फिरून ते भोक मागे भिंतीकडे न राहता बाजूला गेलं असेल, तर पट्टी तिरकी ओढली जाते आणि काहीही केलं तरी अडकते, तेव्हा आधी कपलिंगच सरळ करून घ्या. आणि बेसिनखाली पूर्ण पेडेस्टल असेल तर हात जायला जागा नसते, तिथे प्लंबर बोलावाच, फक्त चिमटा काढून दांडी दोन बोटांनी हलवून दाखवायला सांगा, मगच सेटची किंमत विचारा.