दुपारची झोप सोडवताना

प्रश्न: माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. दुपारी झोपला तर रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा असतो, आणि नाही झोपवलं तर संध्याकाळी सहानंतर नुसती रडारड. दुपारची झोप बंद करू का? आणि मग त्या वेळात त्याचं काय करायचं?

बंद करा, पण एका झटक्यात नको, आणि त्याआधी रात्रीच्या जेवणाची वेळ अलीकडे आणा. माझी लेक साडेतीनची असताना मी आधी उलट केलं होतं. सोमवारपासून दुपारची झोप बंद, बाकी घर जसंच्या तसं. चौथ्या दिवशी तिने वरणभाताचं ताट ढकलून दिलं आणि तिथेच पाटावर डोकं टेकून झोपली. सासूबाई म्हणाल्या, "तिला अजून झोप हवीय, उगाच छळू नकोस." तेव्हा मला ते पटलंही. चूक कुठे होती ते नंतर कळलं.

तुमचा मुलगा साडेअकराला झोपतो आणि शाळेसाठी सातला उठत असेल, तर रात्रीची झोप होते साडेसात तास. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही त्याला दुपारी झोपवत नाही, त्या दिवशी तो आदल्या रात्रीच्या अपुऱ्या झोपेवर चाललेला असतो. तो सहाला रडतो, एवढ्यावरून त्याला दुपारची झोप हवी की नको हे ठरत नाही. आधी तीन-चार रात्री लवकर झोपू दे, मग एक दुपार झोपेशिवाय काढून बघा. तेव्हा जे दिसेल ते खरं.

पण दुपारी झोपून उठलेला मुलगा रात्री लवकर झोपणार कसा? झोपेचा जोर जागेपणाच्या तासांनी साठतो. चारला उठलेल्या मुलाला नऊला आडवं केलं तर जागून जेमतेम पाच तास झालेले असतात, आणि या वयात तेवढे पुरत नाहीत. म्हणून पहिला आठवडा झोप बंद करायची नाही, फक्त आखूड करायची. आमच्याकडे ती दोन ते चार झोपायची. शाळा बाराला सुटते, त्यामुळे मी जेवण लगेच उरकून एकला झोपवायला लागले आणि दोनला उठवायला. हाका मारून उठवलं की अर्धा तास किरकिर. त्यापेक्षा पडदा सरकवायचा, पंखा बंद करायचा आणि स्वयंपाकघरात भांडी लावायला घ्यायची. पाच-सात मिनिटांत आपली आपण उठून यायची.

कालनिर्णयाच्या चौकोनात मी रोज दोनच गोष्टी लिहायचे: दुपारी किती झोपली आणि रात्री आडवी झाल्यावर डोळा लागायला किती वेळ लागला. आठवड्याने रात्र पावणेअकरावरून साडेनऊवर आली. मग दिवसाआड दुपारची झोप गाळली. गाळलेल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांत झोप, दिलेल्या दिवशी तास-तासभर चुळबुळ, आणि गाळूनही संध्याकाळ बऱ्यापैकी हसतखेळत. हे चार-पाचदा दिसलं तेव्हा माझी खात्री पटली. लवकर झोपूनही तुमच्याकडे रोज पाच-साडेपाचला मूल कोसळत असेल, तर तासाभराची झोप चालू ठेवा आणि दोन महिन्यांनी परत बघा. काही मुलं पाच वर्षांची होईपर्यंत झोपतात.

आता दुपारी काय करायचं. आमचं वन बीएचके, त्यामुळे "मुलाला त्याच्या खोलीत ठेवा" हा सल्ला आमच्या कामाचा नव्हता. आम्ही "चटईची वेळ" सुरू केली. जेवण झालं, सू झाली, पाणी प्यायलं की पडदा अर्धा ओढायचा आणि खिडकीजवळ चटई टाकायची. चटईवर बसा, लोळा, हळू बोला, पण घंटी वाजेपर्यंत उतरायचं नाही. स्वयंपाकघरातला चावीचा टायमर तिच्यासमोर लावायचे, कारण "अजून थोडा वेळ" याला त्या वयात काही अर्थ नसतो. शेजारी मी पुस्तक घेऊन पाठ करून पडायचे. गप्पा नाहीत, उत्तरं नाहीत. पाठ करण्याला खरंच महत्त्व आहे, नजरानजर झाली की संपलं.

सुरुवात दहा मिनिटांनी केली. दहा जमली म्हणून मी हावरटपणे तिसऱ्या दिवशी तीस लावली, तर नऊ वेळा उतरून आली. परत बारावर गेले आणि दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाच वाढवत पाऊण तासावर थांबले. मधेच उतरली तर रागवायचं नाही आणि समजावत बसायचं नाही, हात धरून परत चटईवर बसवायचं, इतकंच.

चटईवर खेळायला एक टोपली द्यायचे. टोपलीतल्या वस्तू फक्त त्या वेळेच्या. घंटी झाली की टोपली कपाटावर. आमच्या टोपलीत लाकडी ठोकळे, जाड पानांची दोन पुस्तकं, जुन्या लग्नपत्रिका, झाकणांचे चार स्टीलचे डबे आणि बाहुली असायची. पत्रिकांवरच्या गणपतीत तिची वीस मिनिटं जायची, कोणी सांगून खरं वाटलं नसतं. दर रविवारी दोन वस्तू बदलायचे. मोबाईल अजिबात दिला नाही. त्याने मूल गप्प बसतं, पण एकटं खेळायला शिकत नाही, आणि काढून घेताना जी रडारड होते ती वेगळी. चटईवरच डोळा लागला तर लागू द्या, पण वीस-पंचवीस मिनिटांत उठवा. त्या दिवशी गरज असते. तापात किंवा लग्नाच्या धावपळीनंतरही तसंच.

सगळ्यात घातक वेळ साडेपाच ते साडेसहाची. रिक्षात लागलेली दहा मिनिटांची डुलकीसुद्धा रात्रीचा पार विचका करते. त्या दिवसांत मी संध्याकाळी आईकडे जाणंच बंद केलं होतं. घरी असलं की पाचला पोटभर खाऊ, मग खाली खेळायला.

आणि जेवण. झोप गाळलेल्या दिवशी आडवं व्हायची वेळ सव्वाआठ, म्हणजे सातला ताट. आमच्याकडे नवरा साडेआठला येतो, घरातलं जेवण साडेनऊला. "बापाला तोंडही बघायला मिळत नाही" यावरून बरंच झालं. शेवटी सकाळची आंघोळ, डबा आणि शाळेत सोडणं त्याच्याकडे गेलं. आता ती साडेआठला झोपलेली असते आणि सातला उठते, साडेदहा तास. आधीचे सव्वाआठ अधिक दुपारचे दोन धरले तरी यापेक्षा कमीच होते. हे बसायला आम्हाला सहा आठवडे लागले.

एक गोष्ट वेगळी बघा. तो रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल किंवा रात्री अकरा तास झोपूनही दिवसभर पेंगत असेल, तर वेळापत्रकात हात घालण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल-अॅडिनॉइड वाढलेले असले तर चटई काही कामाची नाही.