उमरेडच्या गाळ्याचं बयाणं देण्याआधी

नागपूर, मे महिन्याचा शेवट

पोरी,

परवा तुझे बाबा बोलता बोलता म्हणाले, की उमरेडला गाळा बघून झाला, आता दसऱ्याला नारळ फोडायचा. तू पाठवलेला हिशोबाचा कागदही वाचला. गाळ्याचं डिपॉझिट ६० हजार, रॅक-बोर्ड-संगणक धरून १ लाख ८० हजार आणि माल ६ लाखांचा. एकूण ८ लाख ४० हजार. कागद नीटनेटका आहे, पण त्यात दोन आकडे नाहीतच, आणि दुसरं दुकान बुडतं ते नेमकं त्या दोन आकड्यांनी. त्यांच्याकडे येतोच, पण आधी एक वेगळी गोष्ट.

तुझं इलेक्ट्रिकलचं दुकान दिघोरीला, म्हणजे उमरेड रोडच्या तोंडावरच. तिकडचे वायरमन नागपुरात शिरताना तुझ्याकडे थांबतात. तू म्हणतेस, 'काका, तिकडचं गिऱ्हाईक आधीच आपलं आहे.' काळजी त्याचीच वाटते. उमरेडला दुकान उघडलं की हे गिऱ्हाईक तिकडे घेईल आणि दिघोरीचा गल्ला तेवढाच उतरेल. ती विक्री नवी नाही, नुसती चाळीसेक किलोमीटर सरकलेली. म्हणून पहिलं काम बिलबुकाचं. मागच्या दोन महिन्यांची बिलं काढ आणि उमरेड, भिवापूर, कुही या बाजूची वेगळी कर. बिलावर गाव लिहीत नसशील तर उद्यापासून लिही. मला बाबांनी तोंडी आकडा दिला तो महिन्याला ७० हजारांचा. सध्या तोच धरू.

आता खर्च बघ. भाडं १२ हजार, मॅनेजर २०, हाताखालचा पोऱ्या ११, वीज-फोन ३, टेम्पोच्या फेऱ्या ६, किरकोळ २. झाले ५४ हजार. दिघोरीला तुला सरासरी १८ टक्के सुटतात. उमरेडला तेवढे सुटायचे नाहीत, कारण तिथला अर्धा माल वायरमनच्या हातून जातो आणि त्याचं कमिशन तुझ्याच मार्जिनमधून निघतं. १५ टक्के धर. म्हणजे खर्च निघायलाच महिन्याला ३ लाख ६० हजारांची नवी विक्री हवी. सरकलेले ७० हजार त्यावर मिळव, ४ लाख ३० हजार झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचा गल्ला साडेसोळा हजार. हा आकडा कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटव. यानंतरच्या विक्रीत जे सुटेल तो नफा, त्याआधी सुटलेलं सगळं घरमालकाचं आणि पगाराचं.

एवढी विक्री तिथे आहे का, हे गाळा घेऊन शोधायचं नाही. जूनपासून दसऱ्यापर्यंत टेम्पोवर शोध. आठवड्यातून दोन दिवस, त्यातला एक आठवडी बाजाराचा. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत वायरमनकडून व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घे आणि सकाळी छोट्या हत्तीत माल भरून पोचव. तिकडचे तीसेक वायरमन गाठायचे. पावसाळ्यात बांधकामं थंड असतात, कूलर कोणी विचारत नाही, म्हणून तू म्हणशील की हा काय परीक्षेचा काळ झाला? अगं, म्हणूनच तर. एप्रिलमध्ये चाचणी घेतलीस तर कूलर, पंप, कॅपॅसिटर असं विकलं जाईल की तुला अख्खं उमरेड आपलंच वाटेल, आणि जुलैत पगार द्यायला दिघोरीचा गल्ला उचलावा लागेल. पावसाळ्यात जे विकलं जातं तो त्या गावाचा तळ असतो. तळ कळला की वरचं सांभाळता येतं.

या चार महिन्यांत वहीत नुसती विक्री लिहू नकोस. तीन गोष्टी लिही. एकाच वायरमनने तिसऱ्यांदा ऑर्डर दिली का? पहिली ऑर्डर ओळखीची असते, दुसरी भाव बघून दिलेली, तिसरी खरी. दुसरं, कोणता माल मागितला आणि तुझ्याकडे नव्हता. मला वाटतं तिथे तुला वेगळंच चित्र दिसेल. पंखा, फ्रिज, झुंबर घ्यायला उमरेडचा माणूस हौसेने नागपूरला येतो, चार दुकानं फिरतो. एमसीबी उडाला, स्टार्टरची कॉइल जळाली, मोटारीची केबल उंदराने कुरतडली, की मात्र तो गावातच धावतो आणि भाव कमी विचारतो. तुझा ६ लाखांचा माल पंख्यांच्या खोक्यांत अडकवायचा की स्टार्टर, केबल आणि सुट्या भागांत, हे वहीच ठरवेल. तिसरं, दिलेली उधारी किती दिवसांत आली.

तीसपैकी निदान बाराजण तिसऱ्या ऑर्डरपर्यंत आले, आणि सरकलेलं गिऱ्हाईक वगळून टेम्पोची महिन्याची विक्री सव्वा लाखाच्या आसपास गेली, तर गाळा घे. काउंटर उघडं, सहा दिवस आणि सीझन असला की ती विक्री दुप्पट-तिप्पट होते, हा माझा अनुभवाचा अंदाज. साठ-सत्तर हजारांवरच रखडली, तर टेम्पोच चालू ठेव. त्यातही चार पैसे सुटतात आणि भाडं नाही.

आता कागदावर नसलेले ते दोन आकडे. पहिला उधारीचा. दिघोरीला लोक क्यूआर स्कॅन करून जातात. उमरेडला शेतकरी म्हणेल, 'ताई, सोयाबीन निघालं की देतो,' आणि तो खोटं बोलत नसतो. पण सोयाबीन निघतं दिवाळीच्या आसपास, कापूस त्यानंतर, आणि तुझ्या कंपनीला बिलाचे पैसे त्याआधीच हवे असतात. विक्रीतली ४० टक्के उधारी आणि सरासरी दोन महिने धरले, तर ४ लाख ३० हजारांवर जवळपास साडेतीन लाख रुपये कायम गावात फिरत राहतात. दुसरा आकडा पहिल्या सहा महिन्यांच्या तुटीचा, महिन्याला २५ हजार धर, म्हणजे दीड लाख. तुझे ८ लाख ४० हजार असे १३ लाख ४० हजार होतात.

हे ५ लाख कुठून आणशील ते आधी ठरव, कारण ठरवलं नाही तर ते आपोआप दिघोरीच्या बँकेतल्या सीसी कर्जातून जातील. माझं तसंच झालं होतं. दुसऱ्या दुकानाची उधारी भरता भरता पहिल्या दुकानाची सीसी काठोकाठ गेली, कंपनीचं पेमेंट लांबलं आणि रोख भरल्यावर मिळणारी सूट बंद झाली. दुसरं दुकान तोट्यात आहे हे मला त्या दुकानात दिसलंच नाही. ते पहिल्या दुकानाच्या खरेदीच्या भावात दिसलं, दीड वर्षाने. म्हणून उमरेडसाठी बँकेत वेगळं कर्ज आणि वेगळं खातं. मुद्रा योजनेत तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तिथे आधी विचार. रॅकही ठोकलेलं प्लायवुड फर्निचर नको, स्लॉटेड अँगलचे घे, उद्या उचलून आणता येतात. आणि उमरेडला असा माल अजिबात भरू नकोस जो दिघोरीला विकला जात नाही. परत फिरायची वेळ आली तर माल टेम्पोत चढला पाहिजे.

मॅनेजर म्हणून तू दुकानातल्या ज्या पोराचं नाव घेतलंस, तो विक्रीत वाघ आहे. पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि उमरेडच्या मॅनेजरचं निम्मं काम तेच आहे. बाहेरगावचा माणूस नेला तर तो रोज येण्या-जाण्याने दोन महिन्यांत कंटाळेल. तिथलाच घेतला तर अर्धं गाव त्याचं सोयरं, मग उधारी कोण थांबवणार? माझं मत विचारशील तर तुझ्याकडचा तो दुसरा, अबोल मुलगा, ज्याचं मूळ गाव भिवापूरकडचं आहे, तो बघ. पण आधी दिघोरीचं दुकान त्याच्यावर दहा-दहा दिवस दोनदा सोड आणि खरंच गावाला जा. परतलीस की तीन गोष्टी तपास: रोकड जुळली का, कोणाची उधारी त्याने नाकारली, आणि काय चुकलं हे तू विचारण्याआधी त्याने सांगितलं का. दहा दिवसांत एकदाही रुपयाचाही फरक न आलेला गल्ला मला जरा खटकतो. खऱ्या गल्ल्यात कधीतरी पाच-दहा रुपये मागेपुढे होतातच.

पगार १८ हजार ठेव आणि वरचं वसुलीवर दे, म्हणजे ते २० हजारांच्या आसपास जाईल. विक्रीवर कमिशन दिलंस तर तो उधारीवर विकेल आणि तुझ्या पैशाने स्वतःचं कमिशन कमवेल. एका वायरमनला ५ हजारांपर्यंत उधारी त्याच्या अधिकारात, पुढे तुला फोन. काउंटरवर क्यूआर फक्त दुकानाच्या करंट खात्याचा, आणि त्याच्या साउंडबॉक्सची रोजची बेरीज तुझ्या मोबाइलवर. मॅनेजरचा स्वतःचा क्यूआर 'नेटवर्क नव्हतं म्हणून' एकदा दाखवला गेला, तर त्याच दिवशी विषय काढ. दर आठवड्याला न सांगता वीस वस्तू मोज, त्यात तांब्याच्या वायरचे अर्धे बंडल हवेतच. घट येते ती तिथेच.

कागदपत्रांचं थोडक्यात. जीएसटीचा नवा नंबर लागत नाही, चालू नोंदणीतच उमरेडचा पत्ता जादा जागा म्हणून घालायचा. दोन दुकानांत माल फिरताना कर नाही, पण डिलिव्हरी चलान हवं, आणि राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिलही. दोन-चार माणसांच्या दुकानाला शॉप अॅक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते, पण ती उमरेडच्या दुकानाची वेगळी. गाळ्याचा करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदवावा लागतो. तुझ्याकडून दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडता येईल आणि घरमालकाला तीन वर्षं काढता येणार नाही, असं कलम टाकून घे.

मुहूर्ताचं म्हणशील तर दसरा सोड, गुढीपाडवा धर. दसऱ्याला टेम्पोच्या वहीवर निर्णय, दिवाळीनंतर वसुलीचा खरा अंदाज, डिसेंबरात करार, जानेवारीत माणसाची दुसरी परीक्षा, फेब्रुवारीत कूलर आणि पंपाचे भाग सीझनआधीच्या भावाने भरायचे, आणि पाडव्याला दुकान उघडेपर्यंत नागपूरचं ऊन तुझ्या बाजूने. त्यानंतरच्या दिवाळीपर्यंत, म्हणजे सात-आठ महिन्यांत, गल्ला महिन्याला ३ लाखांच्या खाली राहिला तर बंद करायचं. हे आत्ताच बाबांच्या समोर लिहून ठेव, कारण तेव्हा ते म्हणतील, 'अजून एक सीझन बघू ना बाप्पा.'

त्या गाळ्यात परत जाशील तेव्हा मीटर घरगुती आहे की कमर्शियल आणि भार किती मंजूर आहे, ते बघून ये. इलेक्ट्रिकलच्या दुकानात घरगुती मीटर म्हणजे पहिल्याच महिन्यात हसू व्हायचं. आणि येत्या रविवारी बिलबुकं घेऊन घरी ये, काकूने सावजी मसाल्याचं वांगं करते म्हणून सांगितलंय.

तुझा काका