एकाच कंपनीतली चार प्रमोशन्स रेझ्युमेत कशी बसवायची?

प्रश्न: एकाच ऑटो कंपोनंट कंपनीत ११ वर्षं क्वालिटीत आहे. चार वेळा पद बदललं. प्रत्येक पद वेगळं लिहिलं की तेच तेच मुद्दे परत येतात, आणि फक्त शेवटचं लिहिलं तर वाढ दिसत नाही. काय करू?

उत्तर:

मी पुण्यात मॅन्युफॅक्चरिंग कंपन्यांसाठी भरतीचं काम करते. तुमच्यासारखे रेझ्युमे, म्हणजे जीईटी म्हणून लागलेला माणूस आता डेप्युटी मॅनेजर आणि पत्ता अजून तोच, हे आमच्याकडे सतत येतात.

पहिली गोष्ट: चार वेळा पद बदललं म्हणजे चार प्रमोशन्स असं धरू नका. जीईटीचं वर्ष संपलं की इंजिनिअर होतात ते कन्फर्मेशन. ते बॅचमधल्या जवळजवळ सगळ्यांना मिळतं आणि वाचणाऱ्याला ते माहीत असतं. तसंच इंजिनिअरचा सीनियर इंजिनिअर होताना बरेचदा फक्त ग्रेड बदलते. टेबल तेच, साहेब तेच, सप्लायरही तेच. मुद्दे परत परत येतात ते इथे. काम बदललेलंच नसताना तुम्ही त्याला दोन वेगळे परिच्छेद देता, मग दुसऱ्यात नवीन लिहिणार काय? म्हणून आधी कागदावर पदं लिहा आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहा की ते पद मिळाल्यावर असं काय हातात आलं जे आदल्या दिवशी नव्हतं. नवी माणसं, नवा कस्टमर, नवा प्लांट, सही करायचा अधिकार, काहीही चालेल. ज्या पदापुढची जागा रिकामी राहील ते वरच्या किंवा खालच्या पदात मिसळायचं.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चाकणची ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगची कंपनी, उमेदवार २०१३ साली जीईटी म्हणून लागलेला. त्याच्या मूळ रेझ्युमेत कंपनीचं नाव पाच वेळा होतं. पाचही ठिकाणी खाली ‘इनकमिंग इन्स्पेक्शन व सप्लायर क्वालिटीची जबाबदारी’, ‘रिजेक्शन कमी करण्यासाठी प्रयत्न’, ‘सेव्हन क्यूसी टूल्सचा वापर’ हेच, फक्त क्रम मागेपुढे. घाईत वाचणाऱ्याला वाटलं की या गड्याने अकरा वर्षांत पाच नोकऱ्या बदलल्या. नीट वाचणाऱ्याला वाटलं की हा अकरा वर्षं एकच काम करतोय. दोन्ही चूक.

आम्ही ते असं केलं. रेझ्युमे अर्थातच इंग्रजीत होता, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिते:

अमुक ऑटो कंपोनंट्स, चाकण | जुलै २०१३ – आजपर्यंत

डेप्युटी मॅनेजर, प्लांट क्वालिटी | एप्रिल २०२३ – आजपर्यंत
– दुसऱ्या प्लांटचा क्वालिटी विभाग सुरुवातीपासून उभा केला. १४ जणांची टीम, थेट प्लांट हेडला रिपोर्टिंग
– नव्या प्लांटचं आयएटीएफ १६९४९ सर्टिफिकेशन ऑडिट एकही मेजर एनसी न येता पार

असिस्टंट मॅनेजर, कस्टमर क्वालिटी | एप्रिल २०२० – मार्च २०२३
– सप्लायर क्वालिटीतून कस्टमर क्वालिटीत. तीन ओईएम कस्टमरच्या तक्रारी आणि नव्या पार्टचे पीपॅप
– एका हाउसिंगमधल्या पोरोसिटीच्या तक्रारी महिन्याला ९ वरून १ वर, गेटिंग बदलून आणि लीक टेस्ट लाइनवर आणून

सीनियर इंजिनिअर, सप्लायर क्वालिटी | एप्रिल २०१७ – मार्च २०२०
इंजिनिअर, सप्लायर क्वालिटी (जीईटी म्हणून रुजू) | जुलै २०१३ – मार्च २०१७
– ६ सप्लायरपासून सुरुवात, सीनियर झाल्यावर २२. ऑडिटचं वर्षाचं वेळापत्रक स्वतः ठरवलं
– बाहेरून येणाऱ्या मालाचं रिजेक्शन ४२०० पीपीएमवरून ११०० पीपीएमवर

कंपनीचं नाव एकदाच आहे आणि त्यासमोर पूर्ण काळ आहे. त्यामुळे ‘अकरा वर्षं, एकच घर’ हे पहिल्या नजरेत कळतं. खालच्या दोन पदांना मुद्दे सामाईक आहेत, कारण कामही सामाईक होतं. तारखा मात्र दोघांच्या वेगळ्या, म्हणजे काही लपवलंय असं वाटत नाही. आणि ‘प्रमोशन मिळालं’ हा शब्द कुठेही नाही. सहाचे बावीस झाले, सप्लायरकडून कस्टमरकडे गेला, मग अख्खा प्लांट हातात आला, हे वाचल्यावर तो शब्द लिहायची गरजच उरत नाही.

पोरोसिटीच्या ओळीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. मूळ रेझ्युमेत तिथे ‘कस्टमर कम्प्लेंट्स हाताळल्या’ एवढंच होतं. मी विचारलं, हाताळल्या म्हणजे काय केलंत? आधी म्हणाले, एट-डी भरले. पुढे विचारत गेल्यावर कळलं की डायमधलं गेटिंग बदलायला टूल रूमशी दोन महिने भांडले होते, आणि शेवटच्या टेबलावर होणारी लीक टेस्ट मशीनिंगच्या लगेच पुढे आणून ठेवली होती. हे इंजिनिअर असताना त्यांना करताच आलं नसतं, कारण टूल रूमला सांगायचा अधिकारच नव्हता. असिस्टंट मॅनेजर झाल्याचा खरा पुरावा ही ओळ आहे. तुमच्याही प्रत्येक पदाखाली अशी निदान एक ओळ हवी, जी खालच्या पदावरच्या माणसाला लिहिता आली नसती.

लिहून झालं की पदांची नावं हाताने झाका आणि नुसते मुद्दे तुमचं काम न जाणणाऱ्या कुणाला वाचायला द्या. कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे त्याला सांगता आलं नाही, तर मुद्दे अजून एकमेकांची नक्कल करताहेत. मुद्द्यांची संख्याही खाली खाली कमी होऊ द्या. आत्ताच्या पदाला चार-पाच (वर मी जागेसाठी दोनच दिलेत), त्याआधीच्याला तीन, त्याच्याही आधीचं सगळं मिळून एक-दोन. जीईटी असताना व्हर्नियर आणि हाइट गेज वापरलं हे आता कुणाला वाचायचं नसतं.

पदाच्या नावांचं काय? आपल्या खाजगी कंपन्यांत साधारणपणे असिस्टंट मॅनेजरच्या वर डेप्युटी मॅनेजर असतो, पण हा क्रम सगळीकडे धरून चालत नाही. परदेशात अर्ज करणार असाल तर डेप्युटी मॅनेजर म्हणजे कुणा एका मॅनेजरचा नंबर दोन असं वाचलं जाऊ शकतं. तरी नाव बदलू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले तुमच्या जुन्या एचआरला पदाचं नाव आणि तारखा विचारतात, आणि तिथे ‘क्वालिटी हेड’ असं काही नोंदलेलं नसेल तर ऑफर अडकते. लेटरवरचं नाव तसंच ठेवा आणि पुढे स्वल्पविराम देऊन काम लिहा, वर ‘प्लांट क्वालिटी’ लिहिलंय तसं. टीम किती आणि रिपोर्टिंग कुणाला हे पहिल्याच मुद्द्यात आलं की पायरी कुठली ते आपोआप कळतं. ‘ई-४’, ‘एम-१’ असले ग्रेड रेझ्युमेत टाकू नका, ते कंपनीबाहेर कुणालाच कळत नाहीत.

तारखांत एक गोची नेहमी होते. अप्रेझलचं लेटर जुलैत हातात पडतं, पण त्यावर १ एप्रिलपासून लागू असं असतं. रेझ्युमेत एप्रिल लिहायचं. काही जण एका ठिकाणी लेटरची तारीख लिहितात आणि दुसऱ्या ठिकाणी लागू झाल्याची, मग दोन पदं तीन महिने एकमेकांवर चढतात किंवा मध्ये तीन महिन्यांचं भोक पडतं. आधीचं पद मार्चमध्ये संपलं की पुढचं एप्रिलमध्ये सुरू, एवढं सगळीकडे सारखं ठेवा.

आता कंपन्यांच्या पोर्टलबद्दल, कारण वरची मांडणी माणसाला सोपी असली तरी मशीनला कधी कधी अडते. रेझ्युमे वाचणाऱ्या बऱ्याच सिस्टिम प्रत्येक नोकरीला कंपनी, पद आणि तारखा असे तिन्ही शोधतात. खालच्या पदांशेजारी कंपनीचं नाव नसलं की काही सिस्टिम फक्त वरचं पद उचलतात आणि अकरा वर्षांचा अनुभव दीड-दोन वर्षांवर येतो. हे तपासायला सोपं आहे. रेझ्युमे अपलोड केल्यावर पोर्टल स्वतः फॉर्म भरून दाखवतं, तो घाईत पुढे ढकलू नका. अनुभवाच्या रकान्यात काय आलंय ते बघा. चुकलं असेल तर तिथे तीन नोंदी हाताने करा आणि तिन्हींत कंपनीचं नाव परत लिहा. फॉर्ममध्ये नाव तीनदा आलं तर काही बिघडत नाही. रेझ्युमेच्या फाइलमध्ये मात्र टेबल आणि दोन कॉलम टाळा, त्यांनी हा घोळ वाढतो. लिंक्डइनवर सगळ्या पदांना कंपनीचं तेच अधिकृत पेज निवडलंत की ती एकाखाली एक लागतात. नाव हाताने टाइप केलं की वेगवेगळ्या नोकऱ्या दिसायला लागतात.

ही एकत्र मांडणी कधी करू नये तेही सांगते. मधल्या काळात तुमची बदली ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीत झाली असेल, म्हणजे पगार दुसऱ्या नावाने यायला लागला असेल, तर पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत ती वेगळी एस्टॅब्लिशमेंट दिसते. तेव्हा दोन स्वतंत्र नोंदी करा आणि दुसरीच्या शेजारी ‘ग्रुपअंतर्गत बदली’ लिहा. आणि तुम्ही क्वालिटीतून परचेसला वगैरे गेला असाल आणि अर्ज परचेससाठी करत असाल, तर कंपनी एकच असली तरी परचेसचं पद पूर्ण नोंदीसारखं लिहा आणि क्वालिटीची सगळी वर्षं खाली दोन ओळींत आवरा.

शेवटचं, नोकरी सोडायच्या आधी करायचं काम. रिलीव्हिंग लेटरवर बहुतेक वेळा फक्त शेवटचं पद आणि रुजू-कार्यमुक्तीच्या तारखा असतात, मधल्या पदांचा उल्लेख नसतो. प्रमोशनची सगळी लेटर्स कंपनीच्या मेलवर असतील तर ती आत्ताच स्वतःकडे घेऊन ठेवा. राजीनामा दिल्यावर मेल बंद झाला की २०१७चं लेटर एचआरकडून मिळवायला फार खेटे घालावे लागतात.